संप मजुरांचा, बातमी साखरेची

जानेवारी २०२४च्या पहिल्या आठवड्यात ऊसतोड मजुरांच्या दरवाढीवर पुण्यात तोडगा निघाला. त्याआधी भर हंगामात 'कोयता बंद'चा इशारा दिला गेला होता. शरद पवार आणि पंकजा मुंडे यांच्या मध्यस्थीनंतर साखर संघ आणि मजूर संघटनांमध्ये तीन वर्षांचा करार झाला आणि मोबाइलवर एकच आकडा फिरला: ३४ टक्के वाढ. आकडा खरा होता. पण ज्या बीड जिल्ह्यातून दर हंगामात लाखो मजूर तोडीला जातात, तिथल्या वाचकाला या एका आकड्यातून नेमके काय कळले? माध्यमांच्या अभ्यासात 'अजेंडा सेटिंग' आणि 'फ्रेमिंग' अशा दोन संकल्पना शिकवल्या जातात. त्या समजून घ्यायला या संपाइतके जवळचे उदाहरण दुसरे नाही.

एक करार, चार मथळे

आधी फ्रेमिंग, म्हणजे चौकट. या करारामुळे तोडणीचा दर टनाला सुमारे २७३ रुपयांवरून ३६६ रुपयांवर गेला. याच बातमीला चार मथळे देता येतात.

पहिला: 'ऊसतोड मजुरांना ३४ टक्के दरवाढ'. दुसरा: 'टनामागे ९३ रुपये वाढले'. तिसरा: 'वर्षाला सरासरी १० टक्के वाढ', कारण करार तीन वर्षांचा आहे आणि त्याआधीची १४ टक्के वाढ ऑक्टोबर २०२०मध्ये मिळाली होती. चौथ्या मथळ्यासाठी थोडा हिशेब करावा लागतो. कोयता म्हणजे जोडी, बहुधा नवरा-बायको. समजा, जोडीने दिवसभरात दोन टन ऊस तोडला, तर झाले ७३२ रुपये, म्हणजे माणशी ३६६. तेही रोज हातात पडत नाहीत, मुकादमाकडून आधी घेतलेल्या उचलीतून वळते होतात. म्हणून चौथा मथळा: 'दरवाढीनंतरही दिवसाला माणशी ३६६'.

चारही मथळ्यांत खोटे काही नाही. तरी पहिला वाचणाऱ्याला वाटते, मजुरांचे भले झाले, विषय संपला. चौथा वाचणारा विचारतो, एवढ्यात भागते कसे? रॉबर्ट एंटमन या अभ्यासकाने १९९३मध्ये चौकटीची चार कामे सांगितली: प्रश्न काय ते ठरवणे, कारण दाखवणे, चूक-बरोबर सुचवणे आणि उपाय पुढे करणे. 'गाळप ठप्प, ऊस फडात उभा' हा मथळा पाहा. त्यात प्रश्न गाळपाचा आहे, कारण मजुरांचे थांबणे, नुकसान शेतकऱ्याचे आणि उपाय एकच, लवकर तडजोड. दर काय होता, हे त्या चौकटीत बसतच नाही.

विषय पटलावर कधी येतो?

चौकटीच्या आधी एक पायरी असते: विषय मुळात पानावर येतो का? अमेरिकेत १९६८च्या निवडणुकीत मॅक्सवेल मॅककॉम्ब्स आणि डोनाल्ड शॉ यांनी चॅपेल हिल या गावात मत न ठरलेल्या १०० मतदारांना विचारले, तुम्हाला कोणते प्रश्न महत्त्वाचे वाटतात? मग ती उत्तरे आणि माध्यमांतली जागा शेजारी ठेवली. क्रम जवळपास सारखा निघाला. १९७२मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला आणि 'अजेंडा सेटिंग' हे नाव रूढ झाले. कोणत्या बाजूने विचार करायचा हे माध्यमे ठरवू शकतीलच असे नाही, पण कशावर विचार करायचा हे ती बरेचदा ठरवतात, असा त्याचा मथितार्थ.

ऊसतोडीच्या बातम्यांचे वेळापत्रक कारखान्याचे असते. दराचा करार तीन वर्षांचा, आणि मजुराच्या हातातले बळ हंगामाच्या तोंडावर किंवा हंगामात. त्यामुळे बातमी तेव्हाच येते, आणि तीही बरेचदा संपाचे नेतृत्व कोणाकडे, या अंगाने. एकदा टोळ्या कोल्हापूर, सांगली किंवा कर्नाटकात पोहोचल्या की मजूर बीडच्या आवृत्तीतून बाहेर पडतो. तिकडच्या आवृत्तीत तो स्थानिक नसतो.

याची किंमत २०१९मध्ये दिसली. बीडमधल्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची बातमी देशभर गाजली. मग राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि जिल्ह्यात ८२ हजारांहून अधिक महिलांचे सर्वेक्षण झाले. त्यातल्या १३ हजारांहून अधिक महिलांची शस्त्रक्रिया झालेली होती. या शस्त्रक्रिया काही त्या वर्षीच झाल्या नव्हत्या. त्या वर्षी त्यांचा 'प्रश्न' झाला. पाळीमुळे वा दुखण्यामुळे एक दिवस खाडा पडला की पैसे कापले जातात, ही या महिलांची तक्रार होती. खाडा ही मजुरीचीच अट आहे. तरी संपाचा मथळा टक्क्यांचा असल्याने ती त्यात आली नाही.

तपासायचे कसे?

असाइनमेंट करणाऱ्यांनी 'माध्यमे पक्षपाती आहेत' असे लिहून सोडू नये. ग्लासगो विद्यापीठातल्या गटाने १९७५मध्ये टीव्हीच्या बातम्या महिनोन् महिने रेकॉर्ड करून तपासल्या. त्या जानेवारीत पंतप्रधान हॅरॉल्ड विल्सन यांनी मोटार उद्योगावर बोलताना व्यवस्थापन आणि कामगार, दोघांनाही टाळता येण्याजोग्या कामबंदीबद्दल सुनावले होते. पुढच्या बातमीपत्रांत व्यवस्थापन गळत गेले आणि उरला फक्त कामगारांचा संप. हे दिसले ते वाक्ये मोजल्यामुळे.

आपल्याकडे एका संपाची एका दैनिकाच्या बीड आणि कोल्हापूर आवृत्त्यांतली कात्रणे घ्या. प्रत्येक कात्रणाला चार प्रश्न विचारा. मथळ्यातला कर्ता कोण: मजूर, कारखाना की नेता? पहिले विधान कोणाचे? कारण कोणते दिले आहे? आकडा कशात आहे: टक्के, टन की जोडीची कमाई? तीच कात्रणे मित्रालाही स्वतंत्रपणे तपासायला द्या. दोघांची उत्तरे दहापैकी तीन-चार वेळा वेगळी आली, तर प्रश्न सैल आहेत. नेहमीची चूक म्हणजे फक्त संपाचे दिवस मोजणे. संप नसलेला महिनाही घ्या, नाहीतर अजेंडा दिसणार नाही. मथळा आणि मजकूरही वेगवेगळे नोंदवा. बातमीदार मजुराचे म्हणणे लिहितो आणि डेस्कवर मथळा टक्क्यांचा लागतो, असे होते.

एक मर्यादा ध्यानात ठेवावी. कात्रणांतून चौकट सिद्ध होते, वाचकावरचा परिणाम नाही. हॅरॉल्ड झुकर यांनी १९७८मध्ये दाखवले, की ज्या प्रश्नाचा लोकांना स्वतः अनुभव असतो, तिथे माध्यमांचा प्रभाव कमी पडतो. धारूर किंवा पाटोद्यातल्या घराला उचल काय असते हे पेपरने सांगावे लागत नाही. पण ज्याने कधी फड पाहिला नाही, त्या मुंबईतल्या वाचकासाठी आणि मंत्रालयातल्या अधिकाऱ्यासाठी मथळा हाच संप असतो.

म्हणूनच जबाबदारी डेस्कची आहे. करार संपेल आणि पुन्हा टक्क्यांची घोषणा होईल, तेव्हा नोटिफिकेशनच्या त्याच ओळीत टनाचा दर द्यावा आणि बातमीच्या पहिल्या परिच्छेदात जोडीची दिवसाची कमाई आणि खाड्याचा नियम. जागा तेवढीच लागेल. आणि जानेवारी-फेब्रुवारीत, संप नसताना, फडावरची एक तरी बातमी बीडच्या आवृत्तीत यावी. बीडचा मजूर त्या दिवसांतही बीडचाच असतो.