हाराचा भाव काढा विकल्या जाणाऱ्या हारांवर

दसऱ्याच्या सकाळी चंद्रपूरच्या गोल बाजारात किंवा गडचिरोलीच्या चौकात झेंडूच्या हाराचा भाव बहुतेक वेळा शेजारच्या दुकानाकडे पाहून ठरतो. ज्यांना स्वतःचा हिशेब करायचा असतो ते फुलांचा किलोचा भाव घेतात, एका किलोत किती हार बसले ते पाहतात, दोरा आणि मजुरी मिळवतात आणि वर 'उरेल त्याचे' म्हणून थोडे चढवतात. हिशेबाची ही पद्धत वरवर बरोबर दिसते, पण सणाच्या धंद्यात ती हमखास कमी भाव सांगते. कारण तिथे खर्च वाटला जातो तो बांधलेल्या सगळ्या हारांवर, आणि पैसे मात्र विकल्या गेलेल्या हारांचेच येतात. दसऱ्याला दुपारनंतर न विकलेला हार दुसऱ्या दिवशी माल उरत नाही, तो कचरा होतो. म्हणून भाव काढताना भागायचे ते पूर्ण भावाने जाणाऱ्या हारांच्या संख्येने. या अंकात आम्हाला एवढा एकच मुद्दा आकड्यांनिशी मांडायचा आहे.

सुरुवात फुलांच्या किलोपासून करावी लागते, कारण आपण ज्या भावाने घेतो त्या भावाने फूल हाराला लागत नाही. आपल्या दोन जिल्ह्यांत गावोगावचे शेतकरी थोडा झेंडू थेट आणून देतात, पण सणाची मोठी गरज नागपूरच्या सीताबर्डीतल्या नेताजी मार्केटवरच भागते. तिथून चंद्रपूर किंवा गडचिरोली दीडशे किलोमीटरच्या पलीकडे, आणि दसऱ्यासाठी प्रसिद्ध असलेली अहेरी गडचिरोलीहूनही आणखी १०० किलोमीटरहून जास्त. एवढ्या प्रवासात दाबून भरलेले पोते आतून तापते. पोते उतरवल्याबरोबर हात कोपरापर्यंत आत घालून पाहावा. मधली फुले कोमट लागली आणि पाकळ्यांचे बूड तपकिरी, चिकट झालेले दिसले, तर वरची फुले कितीही टवटवीत असोत, त्या पोत्यातली बरीच फुले ओवताना गळणार. परतीचा पाऊस पडून गेलेल्या आठवड्यात दुहेरी फटका बसतो. भिजलेले फूल वजनात जास्त भरते, म्हणजे आपण झेंडूच्या भावाने पाणी विकत घेतो, आणि तेच फूल सर्वात आधी सडते. म्हणून माल आला की लगेच गोणपाटावर पसरून निवडायचा आणि निवडलेला माल पुन्हा तोलायचा. हे दुसरे वजनच हिशेबात धरायचे.

आता एक हिशेब पुरता करून पाहू. आकडे उदाहरणाचे आहेत, ज्याने त्याने आपले घालावेत. समजा ५० किलो झेंडू ६० रुपयांनी घेतला, म्हणजे ३,००० रुपये. गाडीभाडे आणि हमाली ५०० रुपये. निवडून झाल्यावर ४५ किलो उरला. म्हणजे हातात आलेला किलो ६० चा राहिला नाही, तो ७८ रुपयांच्या आसपास गेला. गाडीला घालायचा मध्यम हार २५० ग्रॅमचा धरला, तर या मालात १८० हार होतात. दोरा आणि मध्ये ओवायची आंब्याची पाने मिळून हारामागे २ रुपये, म्हणजे ३६० रुपये. आंब्याची पाने सहसा कुणी विकत घेत नाही हे खरे, पण ती तोडून, पुसून, सारखी लावून देणाऱ्याला पैसे द्यावे लागतात, म्हणून ती फुकट धरू नयेत. सरावाचा हात तासाला असे १२ हार ओवतो असे मानले, तर १८० हारांना १५ तास लागतात. तासाला ६० रुपये दराने ते ९०० रुपये झाले. जागेची पावती, ताडपत्री, चहापाणी यांचे रोख ३०० आणि दिवसभर बसून विकणाऱ्याची मजुरी ७००. सगळे मिळून ५,७६० रुपये, १८० हारांवर वाटले तर हार ३२ रुपयांना पडला.

इथपर्यंत सगळ्यांचे एकमत असते. पुढे 'चौथा हिस्सा उरेल' असे धरून बहुतेक जण ३२ वर पाव चढवतात आणि हार ४० ला लावतात. समजा दिवस असा गेला की १२० हार पूर्ण भावाने गेले, ३० हार उतरत्या वेळी २० रुपयांना काढले आणि ३० उकिरड्यावर गेले. गल्ल्यात ४,८०० आणि ६०० मिळून ५,४०० रुपये आले, खर्च ५,७६०. दिवस ३६० रुपयांनी तोट्यात गेला. बरोबर भाव काढायचा तर एकूण खर्चातून उतरत्या भावाचे ६०० वजा करायचे आणि राहिलेले ५,१६० त्या १२० हारांवर टाकायचे. हार ४३ रुपयांना बसतो, आणि त्यात नफ्याचा एक पैसाही नाही. हार ५० ला लावला तरच दिवसाअखेर ८४० रुपये सुटतात.

हा ३६० रुपयांचा तोटा दुकानदाराला सहसा दिसत नाही. त्याच्या खिशातून रोख गेलेले असतात ते फुले, भाडे, दोरा-पाने आणि जागा यांचे ४,१६०. गल्ल्यात ५,४०० असतात, म्हणून त्याला वाटते की १,२४० सुटले. पण त्या १,२४० मधूनच त्याची स्वतःची ७०० रुपये मजुरी आणि रात्री बसून हार ओवणाऱ्यांची ९०० रुपये मजुरी निघायला हवी होती. त्याने आपले ७०० धरले तर ओवणाऱ्यांच्या वाट्याला ५४० येतात. म्हणजे ६० रुपये धरलेला तास ३६ रुपयांवर आला. आपल्याकडे रात्रभर सुईदोरा घेऊन बसणाऱ्या बहुधा घरच्या बायका आणि मुली असतात, त्यामुळे ही तूट कुणी मागत नाही आणि वहीत लिहिलीही जात नाही. 'घरच्यांची कसली मजुरी' हा आक्षेप आम्हाला मान्य नाही. त्याच हातांनी कंत्राटावर तोरणे बांधून दिली असती तर नगावर पैसे मिळाले असते. आणि ज्या वर्षी घरात आजारपण असेल त्या वर्षी बाहेरचा हात लावावाच लागतो. तेव्हा ४० चा भाव टिकत नाही, आणि गिऱ्हाइकाला मात्र त्याच भावाची सवय लागलेली असते.

उरणाऱ्या मालाचा बोजा कमी करण्याचा एक मार्ग आपल्या हातात आहे, आणि तो भावापेक्षा बांधणीचा आहे. १८० च्या १८० हार रात्रीच ओवून ठेवायचे नाहीत. ज्या १२० ची खात्री आहे तेवढे आधी बांधायचे आणि १५ किलो फूल सुटे ठेवायचे, बांबूच्या पाटीत, वर ओले फडके टाकून, पण फुलांवर पाणी न मारता. ओवलेल्या फुलाला सुईचे भोक पडलेले असते, ते सुट्या फुलाच्या आधी मान टाकते. शिवाय सुटे फूल पावकिलोने विकता येते, तोरणाला लावता येते, देवळात देता येते. गर्दी ओसरली की दुकानावर बसल्या-बसल्या मागणीप्रमाणे हार ओवता येतो, तो वेळ तसाही विकणाऱ्याच्या मजुरीत धरलेलाच आहे. वरच्या उदाहरणात उकिरड्यावर गेलेले ३० हार ओवलेच नसते, तर हारामागे दोरा-पानांचे २ आणि ओवण्याचे ५ असे २१० रुपये वाचले असते, आणि साडेसात किलो झेंडू विकायला शिल्लक राहिला असता. याला मर्यादाही आहे. सकाळी गाड्या धुऊन लोक एकदम येतात तेव्हा ओवत बसायला सवड नसते. आधीचे हार कमी पडले तर गिऱ्हाईक पुढच्या दुकानी जाते. म्हणून ती १२० ची संख्या मागच्या दोन-तीन वर्षांच्या वहीतूनच यायला हवी, अंदाजाने नाही.

भाव कधी उतरवायचा, यावरही बराचसा नफा अवलंबून असतो. बांधून झालेल्या हारावरचा खर्च होऊन गेलेला असतो, त्यामुळे शेवटच्या तासात १० रुपये आले तरी ते कमीच पडणाऱ्या गल्ल्यात भर घालतात. पण घाबरून दोन तास आधीच भाव पाडला आणि ५० ला जाणारे १५ हार २० ला गेले, तर ४५० रुपये गेले, म्हणजे दिवसाच्या ८४० तले निम्म्याहून अधिक. गिऱ्हाईक पुढच्या वर्षी थांबून राहील, अशी भीती काही जण घालतात. दसऱ्यापुरती ती फारशी खरी नाही. शस्त्रपूजा आणि वाहनपूजा उरकायची असते, ज्याला सकाळी हार हवा तो संध्याकाळपर्यंत थांबत नाही. संध्याकाळी लोक आपट्याच्या पानांसाठी येतात. तेव्हा पूजेचे गिऱ्हाईक संपल्यावरच भाव सोडावा.

सर्वात मोठा आक्षेप शेजारच्याचा असतो. तो ३० ला देतो, मग आपला ५० चा हार कोण घेणार? त्याचा माल स्वतःच्या वावरातला असेल तर त्याला भाडे आणि निवडीची तूट आपल्याइतकी नसते, आणि त्याच्याशी भावात भिडण्यात अर्थ नाही. त्याने हिशेबच केला नसेल, तर त्याच्या मागे जाऊन आपण त्याचा तोटा आपल्या घरी आणू. उपाय म्हणून काही जण त्याच भावात चार-पाच फुले चोरून हार विरळ करतात. गिऱ्हाइकाला ते गाडीला हार घालताना कळते. त्यापेक्षा उघड लहान हार ठेवावा. मात्र १५० ग्रॅमचा हार २५० च्या हाराच्या तीनपंचमांश भावाला देता येत नाही. फुलांचे १९ रुपये १२ वर येतात, पण गाठ मारायला, टोक बांधायला आणि विकायला लागणारा वेळ तेवढाच राहतो, आणि जागेचा खर्चही हलत नाही. लहान हाराचा भाव वेगळा मांडूनच काढावा लागतो.

हेच गणित दुसऱ्या सणाला जसेच्या तसे लावता येणार नाही, कारण नुकसानीची जागा बदलते. लक्ष्मीपूजन संध्याकाळी असते, तेव्हा दुपारच्या मंदीला भिऊन भाव पाडणारा माणूस खरी विक्री सुरू होण्याआधीच माल घालवून बसतो. महाशिवरात्रीला मार्कंड्याची जत्रा काही दिवस चालते, तिथे आजचे सुटे फूल उद्या वापरता येते आणि उरण्याचा हिस्सा कमी धरता येतो. बेलाची पाने जंगलातून आणली तरी ती निवडण्याचे तास मात्र धरावेत. चंद्रपूरच्या महाकालीची यात्रा चैत्रात येते. तिथे गिऱ्हाईक दिवसेंदिवस येत राहते, न विकलेला माल हा तिथला मुख्य प्रश्न नाही. तिथे उन्हानेच फूल वाळते आणि निवडीनंतरचे वजन दुपारपर्यंत पुन्हा घटते, म्हणून दिवसातून दोनदा थोडा-थोडा माल उचलण्याचे जास्तीचे भाडे भावात घालावे लागते. प्रत्येक सणाला वहीत पाच गोष्टी लिहाव्यात: घेतलेले वजन, निवडीनंतरचे वजन, बांधलेले हार, पूर्ण भावाने गेलेले हार आणि उतरत्या भावाचे पैसे. दसऱ्याचे पान लिहून झाले की दिवाळीला आडत्याकडे किती पोती सांगायची हे त्याच पानावरून काढता येईल.