रिमोट हरवला, घरही बदलले

रिमोट सापडत नाही असे म्हणताच घरातील कोणीतरी तरुण मंडळी लगेच सांगतात, ‘फोनवरून चालवा की!’ सल्ला चुकीचा नसतो; पण तो अर्धाच असतो. फोन रिमोटचे काम करतो ते दोन अगदी वेगळ्या मार्गांनी, आणि आपल्या घरातील उपकरणाला त्यांपैकी कोणता मार्ग चालतो हे ठाऊक नसेल, तर दुपारभर फोनशी झटापट करूनही पडद्यावर काही हलत नाही.

पहिला मार्ग प्रकाशाचा. टीव्हीचा नेहमीचा रिमोट डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश अतिशय वेगाने लुकलुकवतो. प्रत्येक बटणाची लुकलुक वेगळी असते, आणि टीव्हीच्या काचेखालील छोटा ग्राहक ती ओळखून आवाज वाढवतो किंवा वाहिनी बदलतो. फोनने हे काम करायचे, तर फोनमध्येही असा प्रकाश सोडणारा दिवा बसवलेला हवा. काही कंपन्यांच्या, विशेषतः शाओमीच्या अनेक फोनांच्या वरच्या कडेला तसा एक काळसर ठिपका असतो, आणि त्यासोबत रिमोटचे अ‍ॅपही येते. ज्या फोनला हा दिवाच नाही, त्यात कोणतेही अ‍ॅप घातले तरी प्रकाश कोठून येणार? ‘कोणताही फोन, कोणताही टीव्ही’ अशी ग्वाही देणारी अ‍ॅप्स पुष्कळ आहेत. दिवा नसलेल्या फोनवर ती जाहिराती तेवढ्या दाखवतात. केबलचा वा डिशचा साधा सेट-टॉप बॉक्सही बहुधा याच प्रकाशावर चालतो. त्यामुळे तेथे दिवा नसलेला फोन निरुपयोगी ठरतो, आणि दुकानातून त्या बॉक्सचा नवा रिमोट आणणे हेच शहाणपणाचे.

दुसरा मार्ग घरच्या वाय-फायचा. स्मार्ट टीव्ही, किंवा साध्या टीव्हीच्या मागे एचडीएमआयच्या खाचेत लावलेली स्ट्रीमिंग स्टिक, ही मुळात वाय-फायला जोडलेली असते. फोनही त्याच वाय-फायवर असेल, तर दोघे एकमेकांना ओळखतात आणि फोनची आज्ञा तेथून पोहोचते. येथे दिव्याची गरज नाही, टीव्हीसमोर बसण्याचीही नाही. शिवाय एक लक्षात घ्यावे, की अशा स्टिकसोबत मिळणारा रिमोट बहुधा ब्लूटूथवर चालतो. त्यामुळे दिव्याचा फोन घरात असला तरी स्टिकसाठी तो कामाचा नाही. तेथे वाय-फायचाच मार्ग धरावा लागतो.

गूगल टीव्ही प्रणालीच्या उपकरणावर हे कसे होते ते पाहू. फोनमध्ये Google TV हे अ‍ॅप घ्यावे. ते अँड्रॉइडवर आहे तसेच आयफोनवरही आहे. अ‍ॅप उघडल्यावर रिमोटचे बटण दिसते. ते दाबले की फोन आसपासची उपकरणे शोधतो आणि सापडलेल्यांची नावे दाखवतो. आपल्या उपकरणाचे नाव निवडताच टीव्हीच्या पडद्यावर एक संकेतांक उमटतो. तो फोनवर लिहिला, की जोडणी पूर्ण. जुन्या रिमोटला या सगळ्यात कोठेच हात लावावा लागत नाही, ही या रचनेची खरी खुबी. संकेतांक पडद्यावरच येत असल्याने शेजारच्या घरातील माणसाला सहजासहजी आपला टीव्ही ताब्यात घेता येत नाही. आणखी एक सुख असे, की शोधायचे नाव फोनच्या अक्षरफलकावर भराभर लिहिता येते. पडद्यावरील एकेका अक्षरावर बाणाने जाण्याचा त्रास वाचतो.

उपकरण यादीत दिसतच नसेल, तर कारण बहुधा साधे असते. फोन मोबाइल डेटावर गेलेला असतो, किंवा राउटरच्या ‘पाहुण्यांसाठी’ ठेवलेल्या वेगळ्या वाय-फायवर असतो. अशा वाय-फायवर उपकरणांना एकमेकांशी बोलू दिले जात नाही. फोनवर व्हीपीएन सुरू असणे हेही एक कारण. आयफोनवर अ‍ॅप पहिल्यांदा उघडताना स्थानिक नेटवर्कची परवानगी विचारली जाते. ती घाईत नाकारली गेली असेल, तर सेटिंग्जमध्ये जाऊन ती द्यावी.

इथपर्यंत सारे सोपे आहे. खरी गाठ बसते ती घर बदलल्यावर. अशी कल्पना करावी, की सांगलीचे एक कुटुंब कोल्हापूरला राहायला गेले. सामान बांधताना स्टिक टीव्हीसोबत नीट आली. तिचा बोटभर रिमोट मात्र कोणत्या खोक्यात गेला, कोणालाच ठाऊक नाही. नव्या घरी नवे इंटरनेट, नवा राउटर. टीव्हीचा स्वतःचा रिमोट हाताशी असल्याने टीव्ही सुरू होतो, एचडीएमआयही निवडता येते. पण स्टिक सांगलीचे वाय-फाय शोधत बसलेली. घरातील आजींचे सारे पाहणे त्या स्टिकवरचे, आणि मुलगा-सून दिवसभर कामावर. फोन म्हणतो, ‘उपकरण माझ्याच वाय-फायवर हवे.’ स्टिकला नव्या वाय-फायवर न्यायचे, तर सेटिंग्जमध्ये जावे लागते, आणि सेटिंग्जमध्ये जायला रिमोट हवा. कुलूप लावलेल्या खोलीतच किल्ली राहावी, तसा हा प्रकार.

यातून सुटण्याची युक्ती अशी, की स्टिकला हलवायचे नाही. सांगलीचे वाय-फायच तिच्यासमोर उभे करायचे. वाय-फाय ओळखताना स्टिक पाहते ते नाव, पासवर्ड आणि सुरक्षेचा प्रकार. राउटर कोणता, गाव कोणते, याच्याशी तिला कर्तव्य नाही. म्हणून घरातील एका फोनचे हॉटस्पॉट सुरू करून त्याला जुन्या वाय-फायचेच नाव आणि जुनाच पासवर्ड द्यावा. जुने नाव AnandKunj असेल, तर तेच, अक्षर न् अक्षर. मोठ्या-लहान लिपीचा फरकही चालत नाही. Anandkunj हे स्टिकच्या लेखी परकेच वाय-फाय. आयफोनचे हॉटस्पॉट फोनच्याच नावाने निघते, म्हणून तेथे सेटिंग्जमधील ‘अबाउट’ या भागात फोनचे नावच तात्पुरते बदलावे लागते.

जुना पासवर्ड आठवत नसेल, तरी धीर सोडण्याचे कारण नाही. पूर्वी त्या वाय-फायला जोडलेल्या फोनमध्ये तो साठवलेला असू शकतो. अनेक अँड्रॉइड फोनांत साठवलेल्या वाय-फायच्या यादीत नाव निवडून ‘शेअर’ दाबले, की चौकोनी क्यूआर संकेत येतो आणि त्याखाली पासवर्ड लिहिलेला असतो. अलीकडच्या आयफोनांतही साठवलेली वाय-फाय नावे व पासवर्ड सेटिंग्जमध्ये पाहता येतात.

या कामाला दोन फोन लागतात. पहिला हॉटस्पॉट देतो, दुसरा त्याच हॉटस्पॉटला जोडून रिमोट होतो. हॉटस्पॉट देणाराच फोन रिमोट म्हणून चालेल याची खात्री नसते, म्हणून त्या प्रयोगात वेळ घालवू नये. दुसऱ्या फोनचा मोबाइल डेटा बंद ठेवावा. नाहीतर हॉटस्पॉटचे इंटरनेट मंद वाटताच तो स्वतःहून तेथून निसटतो. मग स्टिकची वीज काढून पुन्हा लावावी आणि दोनेक मिनिटे थांबावे. हॉटस्पॉट देणाऱ्या फोनवर जोडलेल्या उपकरणांची संख्या दिसते. ती एकाची दोन झाली, की स्टिक फसली, म्हणजे आपले काम झाले असे समजावे.

संख्या वाढली नाही, तर प्रथम नाव व पासवर्ड पुन्हा तपासावा. रिकामी जागा एखाद्या टोकाला राहून जाते आणि दिसत नाही. त्यानंतर हॉटस्पॉटचा पट्टा पाहावा. काही उपकरणे फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतात, आणि फोन मात्र ५ गिगाहर्ट्झवर हॉटस्पॉट देत असतो. अँड्रॉइडमध्ये हॉटस्पॉटच्या सेटिंग्जमध्ये हा पट्टा बदलता येतो. आयफोनवर त्यासाठी Maximize Compatibility ही कळ आहे. सुरक्षेचा प्रकार विचारला, तर जुन्या घरच्या राउटरवर होता तोच, बहुधा WPA2, ठेवावा.

स्टिक जोडली गेली, की दुसऱ्या फोनवर वर सांगितल्याप्रमाणे संकेतांक लिहून रिमोट मिळवावा, स्टिकच्या सेटिंग्जमध्ये नेटवर्कच्या भागात जावे, कोल्हापूरचे वाय-फाय निवडून त्याचा पासवर्ड लिहावा. त्याच क्षणी फोनवरचा रिमोट निर्जीव होतो, आणि येथे अनेकांचा जीव खाली-वर होतो. बिघडलेले काही नसते. स्टिक नव्या वाय-फायवर गेली, फोन मात्र जुन्या नावाच्या हॉटस्पॉटवरच राहिला, एवढेच. फोनही नव्या वाय-फायवर आणला की रिमोट पुन्हा चालू लागतो. हे झाल्यावर हॉटस्पॉट बंद करावे. स्टिकने तेवढ्यात एखादे अद्ययावतन उतरवायला घेतले असेल, तर मोबाइलचा डेटा भराभर संपतो.

घरात फोन एकच असेल, किंवा जुन्या वाय-फायवर टीव्हीशिवाय कॅमेरा, स्पीकर अशी पाच-सहा उपकरणे असतील, तर याहून बरा उपाय आहे. नव्या राउटरलाच जुने नाव आणि जुना पासवर्ड द्यावा. इंटरनेट जोडायला आलेल्या माणसाला सांगितले, तर तो काही मिनिटांत करून देतो. मग प्रत्येक उपकरण आपणहून जोडले जाते. खरे तर घर बदलताना हे आधीच सुचले, तर पुढचा सारा खटाटोपच टळतो.

मागे यूएसबीची खाच असलेल्या अँड्रॉइड टीव्हीला तर आणखी सोपी वाट आहे. संगणकाचा साधा माउस तेथे लावला, की बहुधा पडद्यावर बाण येतो आणि त्यानेच वाय-फाय निवडता येते, पासवर्डही लिहिता येतो. स्टिकला अशी मोकळी खाच सहसा नसते.

फोनच्या रिमोटची मर्यादाही ध्यानात ठेवावी. वाय-फाय बंद पडले, की तोही बंद पडतो. टीव्ही पूर्ण निजलेला असताना त्याचे वाय-फायही निजते, मग फोनने तो जागा होईलच असे नाही. त्या वेळी टीव्हीच्या खालच्या कडेच्या मध्यभागी किंवा पाठीमागे असलेले छोटे बटण बोटांनी चाचपून शोधावे लागते. ते कोठे आहे, हे रिमोट हाती असतानाच एकदा पाहून ठेवलेले बरे. आणि ज्या आजींच्या हाती साधा फोन आहे, त्यांच्यासाठी मुला-सुनेच्या फोनमधील रिमोटचा दुपारी काहीच उपयोग नाही. त्या घरी नवा रिमोट मागवायलाच हवा. मूळ मॉडेलचा क्रमांक स्टिकवर बारीक अक्षरांत छापलेला असतो. तो वाचायला मात्र फोनचा कॅमेरा मोठा करून धरावा लागतो.