काठ-पदर आणि उंबऱ्याबाहेरचा उजेड

गेल्या मार्गशीर्षात माझ्या ताईचे लग्न ठरले आणि रेशमी साडी घेण्यासाठी माय, ताई व मी पहूरहून एस.टी.ने जळगावला गेलो. कपाशीचे पैसे नुकतेच हातात आले होते. त्यातले साडेआठ हजार मायने साडीसाठी पदराच्या गाठीत वेगळे बांधून ठेवले होते. एवढ्या किमतीची साडी आमच्या घरात याआधी कधी आली नव्हती. त्यामुळे चूक झाली तर ती जन्मभर पेटीत घडी घालून जपावी लागणार होती!

दुकानदाराने पहिली साडी टाकली ती वांगी रंगाची, काठ-पदर गर्द हिरवा. वरचे दिवे जरीवर चमकत होते. ताई हरखली. मायने मात्र काठातल्या जरीवर तळहात ठेवून जरी झाकली आणि फक्त रेशमाचे रंग पाहिले. मग ती म्हणाली, “भाऊ, जरा दारात नेऊन पाहू द्या.” सेल्समन हसला. मला, कॉलेजात शिकणाऱ्या मुलीला, त्या क्षणी मायची लाज वाटली, हे मी प्रांजळपणे कबूल करते.

दारात गेल्यावर मात्र लाज वेगळ्याच गोष्टीची वाटली. पाच-सहा पावलांवरून डोळे किलकिले करून पाहिले तर काठ दिसेचना. वांगी आणि हिरवा हे दोन रंग निराळे खरे, पण दोन्ही सारखेच गडद. आत दिसत होता तो फरक जरीच्या चमकेचा होता. मांडवात साडी दुरूनच पाहिली जाते. म्हणून रंग वेगळा असणे पुरेसे नाही, एक फिका व एक गडद असावा लागतो. काळ्या चंद्रकलेचा लाल काठ उठून दिसतो तो याच कारणाने.

दुसरी साडी राणी रंगाची, काठ-पदर हिरवा. इथे एक नवीच गोष्ट कळली. पदर हिरवा म्हणून सांगितला होता, पण उजेडात तो मळकट दिसत होता. माय म्हणाली, “याच्यात राणी मिसळलाय.” तिने पदराची कड तिरपी धरली, तर एका बाजूने हिरवा आणि दुसऱ्या बाजूने राणी रंग झळकला. साडीच्या अंगाचे उभे धागे, म्हणजे ताणा, तसेच पुढे पदरात जातात. पदरासाठी बदलतात ते फक्त आडवे धागे, म्हणजे बाणा. काठात याच्या उलट होते. ताणा काठाचा असतो, पण एकाच धोट्याने विणले असेल तर अंगाचा बाणा काठातूनही जातो. राणी आणि हिरवा एकमेकांत विणले की दोघांचेही तेज मरते. काठासाठी निराळे धोटे वापरून अंगाचा बाणा काठाच्या रेषेवरच अडकवून परत फिरवला असेल, तर काठ शुद्ध राहतो. येवल्याच्या हातमागाच्या पैठणीत तसे करतात, पण त्याला मेहनत जास्त व किंमतही जास्त. आमच्या पैशांत ती बसणारी नव्हती.

म्हणजे आमच्यापुढे खरा प्रश्न असा होता, की एकमेकांत मिसळूनही बिघडणार नाहीत असे दोन रंग कोणते? मायने हळदी अंगाची, डाळिंबी काठ-पदराची साडी काढायला सांगितली. हळदीचा ताणा डाळिंबीत गेला तरी पदर मळत नाही, उलट थोडा कुंकवाकडे झुकून उजळतो. शिवाय हळदी फिका, डाळिंबी गडद. दारातून पाहिले तर काठाची रेघ स्वच्छ दिसली.

शेवटी मायने आणखी एक केले. दुकानात पदर पसरून वर ठेवतात, त्यामुळे आपण पदरच विकत घेतो आणि अंग विसरतो. तिने ताईच्या कमरेशी चार निऱ्या धरल्या, पदर डाव्या खांद्यावर टाकला आणि दोन्ही एकाच वेळी पाहिले. वरचा काठ कमरेत खोचला जातो. तो पुन्हा दिसतो तो खांद्यावरच. खाली पावलांशी मात्र निऱ्यांत काठाची घडीवर घडी पडते. अतिरुंद काठ तिथे गर्दी करतो, म्हणून बुटक्या ताईसाठी मायने चार बोटांचाच काठ पसंत केला.

नंतर मी वाचनालयात वाचले, की पॅरिसच्या गोबेलँ कारखान्यातील रंगशाळेचे प्रमुख शेव्रल यांनी शेजारी ठेवलेले रंग एकमेकांचे रूप बदलतात हा नियम १८३९ साली ग्रंथरूपाने मांडला. काळा रंग फिका पडतो अशी तक्रार आली, तेव्हा दोष रंगात नसून शेजारच्या रंगात आहे हे त्यांनी दाखवून दिले. मायला अक्षरओळख नाही. तिने तोच शेजार तळहाताने जरी झाकून तपासला होता.

माझे स्पष्ट मत असे, की साडी दारात नेऊन पाहणे हा गिऱ्हाइकाचा हक्क आहे, अडाणीपणा नव्हे. जो दुकानदार त्याला हसतो, त्याच्याकडून दिव्याखालची साडी घेऊ नये. आणि आईची लाज वाटणाऱ्या माझ्यासारख्या मुलींनी आधी आईच्या मागोमाग उंबऱ्याबाहेर जाऊन पाहावे.

— द्वितीय वर्ष, कला