‘कर्मणी म्हणजे पॅसिव्ह’ : हा तक्ता वहीतून काढा

माझी भाची आठवीत आहे, सेमी-इंग्रजीत. तिच्या व्याकरणाच्या वहीत पहिल्याच पानावर एक तक्ता चिकटवलेला आहे. डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे मराठी. नाउन म्हणजे नाम, अ‍ॅडजेक्टिव्ह म्हणजे विशेषण, टेन्स म्हणजे काळ, अ‍ॅक्टिव्ह व्हॉइस म्हणजे कर्तरी प्रयोग, पॅसिव्ह व्हॉइस म्हणजे कर्मणी प्रयोग. तुमच्याही वहीत असाच तक्ता असेल. माझ्या होता.

चाचणीत तिला प्रश्न आला : ‘समीर रोट अ लेटर’ या वाक्याचा व्हॉइस ओळखा. तिने लिहिलं, पॅसिव्ह. त्यावर लाल फुली आणि शेरा, ‘लक्ष देऊन वाचा.’

मी तिला विचारलं, असं का लिहिलंस? ती म्हणाली, “मामा, मराठीत हे वाक्य ‘समीरने चिठ्ठी लिहिली’ असं होतं ना? मराठीच्या बाईंनी सांगितलंय की हा कर्मणी प्रयोग. आणि कर्मणी म्हणजे पॅसिव्ह. हे बघ, तक्त्यात आहे.”

ऑफिसात असा बग आला तर आम्ही ज्याने फंक्शन वापरलं त्याच्यावर ओरडत नाही. भाषांतर बरोबर, मराठी प्रयोग बरोबर, तक्ता वाचलाही बरोबर. चूक तक्त्यातच आहे आणि मार्क मात्र तिचे गेले.

आधी तक्त्याची वरची अर्धी बाजू का चालते ते बघू, कारण तिच्यामुळेच खालच्या अर्ध्या बाजूवर विश्वास बसतो. नाउन आणि नाम, अ‍ॅडजेक्टिव्ह आणि विशेषण यांच्या जोड्या इतक्या छान जुळतात की भाषांचं असंच असतं असं वाटायला लागतं. पण संस्कृत परंपरेत यास्काने पदांचे प्रकार चारच सांगितले होते : नाम, आख्यात, उपसर्ग, निपात. त्यात विशेषणाला वेगळं खातं नाही. मग मराठीत शब्दांच्या जाती आठ कशा झाल्या? दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी 1836 साली मराठीचं व्याकरण छापलं ते इंग्रजी व्याकरणाच्या धर्तीवर. इंग्रजीतल्या आठ पार्ट्‌स ऑफ स्पीचसारख्या आपल्याही आठ जाती शाळेत रुजल्या. नावं संस्कृत, खण इंग्रजी. म्हणजे वरच्या ओळी जुळतात कारण त्या जुळवूनच बनवल्या होत्या. (दादोबांवर माझा राग नाही. त्यांनी निदान मराठी वाक्यं तपासून पुस्तक लिहिलं.)

‘प्रयोग’ मात्र त्या साच्यातून आलेला नाही. कर्तरी, कर्मणी, भावे ही त्रयी संस्कृतातली आणि मराठीत तिचा प्रश्न अगदी साधा आहे : क्रियापद कोणाच्या तोंडाकडे बघून आपलं रूप बदलतं? कर्त्याकडे बघत असेल तर कर्तरी, कर्माकडे बघत असेल तर कर्मणी, कोणाकडेच बघत नसेल तर भावे.

इंग्रजी व्हॉइसचा प्रश्न वेगळा आहे. वाक्याच्या सब्जेक्टच्या जागी कोणाला बसवलंय, काम करणाऱ्याला की काम ज्याच्यावर झालं त्याला? ‘समीर रोट अ लेटर’मध्ये समीर त्या जागेवर आहे, म्हणून अ‍ॅक्टिव्ह. ‘अ लेटर वॉज रिटन’मध्ये चिठ्ठी तिथे येऊन बसते आणि क्रियापदाला ‘वॉज’ लागतं, म्हणून पॅसिव्ह. एक प्रश्न जुळणीचा, दुसरा खुर्चीचा. एकाचं उत्तर दुसऱ्याच्या रकान्यात कसं लिहायचं?

मी भाचीला एक खेळ दिला. ‘समीरने चिठ्ठी लिहिली’ यात आधी कर्म बदल. निबंध? लिहिला. पत्र? लिहिलं. चिठ्ठ्या? लिहिल्या. आता चिठ्ठी तशीच ठेव आणि समीरच्या जागी सई आण. ‘सईने चिठ्ठी लिहिली.’ काहीच हललं नाही. म्हणजे क्रियापदाचे डोळे चिठ्ठीवर आहेत, म्हणून कर्मणी. पण चिठ्ठी लिहिण्याचं श्रेय अजूनही समीरचंच आहे, वाक्य त्याच्याबद्दलच आहे. यात ‘पॅसिव्ह’ काहीही नाही. मराठीत पॅसिव्हच्या जवळ जायचं असेल तर ‘चिठ्ठी लिहिली गेली’ म्हणावं लागतं आणि व्याकरणाच्या पुस्तकांत त्याला नवीन कर्मणी किंवा कर्मकर्तरी असं वेगळं नाव आहे. तक्त्यात त्या नावाला ओळच नाही.

इथे टेन्सची ओळही डळमळते. ‘समीर चिठ्ठी लिहितो’ हे वाक्य भूतकाळात न्या. इंग्रजीत ‘राइट्स’चं ‘रोट’ झालं की काम संपलं. मराठीत समीरला ‘ने’ लागतो आणि क्रियापद समीरला सोडून चिठ्ठीकडे वळतं : ‘समीरने चिठ्ठी लिहिली.’ काळ बदलला तसा प्रयोगही बदलला, कर्तरीचा कर्मणी झाला. ‘चेंज द टेन्स’ आणि ‘काळ बदला’ हे एकच काम आहे असं सांगणाऱ्याने ही दोन्ही वाक्यं एकदा शेजारी लिहून बघावीत. संस्कृतात अशा वाक्यांत भूतकाळाचं क्रियापद नसून धातूपासून केलेलं विशेषण असायचं आणि ते विशेषण कर्माप्रमाणे चालायचं. आपला भूतकाळ त्या वळणातून आला. म्हणूनच ‘लिहिला, लिहिली, लिहिलं’ हे ‘चांगला, चांगली, चांगलं’सारखं चालतं. विशेषण आणि काळ तक्त्यात वेगवेगळ्या ओळींत आहेत, भाषेत ते भाऊ-भाऊ निघाले.

मग ‘ने’ दिसला की कर्मणी, असा शॉर्टकट द्यावा का? तोही फसतो. ‘मी चिठ्ठी लिहिली’ यात ‘ने’ दिसत नाही, तरी कर्मणीच, कारण निबंध आणला की ‘लिहिला’ होतं. उलट ‘सई धडा शिकली’ यात भूतकाळ आहे, कर्मही आहे, पण क्रियापद सईकडे बघतं. समीर आला तर ‘शिकला’. शिकणे, विसरणे अशी काही क्रियापदं आपल्याच तोऱ्यात राहतात. आणि ‘बाईंनी मुलींना बोलावलं’? बाई बदला, मुलींच्या जागी मुलगे आणा, ‘बोलावलं’ तसंच राहतं. हा भावे. त्याच्यासमोर इंग्रजी रकान्यात काय लिहायचं? भाचीच्या तक्त्यात तिथे एक रेघ आहे. तीन किमती असलेली गोष्ट हो-नाहीच्या खणात कोंबली की एक किंमत रेघ होऊन बाहेर पडते.

एका शिक्षक मित्राचं म्हणणं होतं की मुलांना काहीतरी आधार लागतो, इंग्रजीच्या तासाला ‘अ‍ॅडजेक्टिव्ह म्हणजे आपलं विशेषण’ म्हटलं की चेहरे सैल होतात. मान्य आहे. नाम, सर्वनाम, विशेषण एवढ्या ओळी खुशाल ठेवा. माझा वाद व्हॉइसच्या दोन ओळींशी आहे. त्या आधार देत नाहीत, नीट विचार करणाऱ्या पोराला खड्ड्यात घालतात. घोकणारं पोर मात्र सहीसलामत सुटतं, कारण ते इंग्रजीच्या पेपरात मराठीचा विचारच करत नाही.

त्या दोन ओळींच्या जागी दोन चाचण्या लिहिता येतात. मराठीसाठी : आधी कर्त्याचं आणि मग कर्माचं लिंग-वचन बदलून बघा, क्रियापद कशाने हलतं? इंग्रजीसाठी : सब्जेक्टच्या जागी बसलेला काम करतोय की त्याच्यावर काम होतंय? दोन्ही मिळून चार ओळी होतात, तक्त्याच्या त्याच जागेत मावतात.

भाचीने त्या लिहून घेतल्या आणि लगेच विचारलं, “मग ‘मला आंबा आवडतो’चं काय? कैरी आणली की ‘आवडते’ होतं. पण इंग्रजीत तर सब्जेक्ट ‘आय’ आहे.” रविवारची पूर्ण दुपार त्यात गेली.