नोटीस इंग्रजीत, शिक्षा मराठीत

मंडळी, हे जरा लांबणार आहे. पण आपल्या एमआयडीसीत घरचं कुणी कामाला असेल तर शेवटपर्यंत वाचा.

2023 च्या जुलैत एक ओळखीचा कामगार बायकोला घेऊन माझ्याकडे आला. हातात प्लास्टिकच्या पिशवीत चार कागद. दोन इंग्रजी, कंपनीचे. दोन मराठी, स्टँडजवळच्या टायपिंगवाल्याकडून पानाला शंभर रुपये देऊन करून घेतलेले. "सर, बातमी लावा, अन्याय झालाय," म्हणाला. मी चारही कागद शेजारी शेजारी ठेवून वाचले आणि बातमीचा विषय बाजूलाच राहिला. अन्याय कंपनीने केला की नाही हे कोर्ट ठरवेल. त्याआधी एक अन्याय मराठी कागदांनी करून ठेवला होता.

कंपनीचं आणि माणसाचं नाव लिहीत नाही, प्रकरण चालू आहे.

पहिला कागद 19 जूनची कारणे दाखवा नोटीस. त्यात म्हटलं होतं की तुम्ही 5 जून ते 15 जून, दोन्ही दिवस धरून, विनापरवानगी गैरहजर राहिलात असा आरोप आहे. ही नोटीस मिळाल्यापासून सात दिवसांत लेखी खुलासा द्या. मराठीत काय झालं? "आपण 5 जूनपासून फरार आहात. नोटिशीच्या तारखेपासून सात दिवसांत खुलासा करावा."

'फरार' वाचून बायको रडली होती. साहजिक आहे, आमच्या पेपरात फरार आरोपी असतो. पण मला जास्त लागला तो गायब झालेला 'आरोप'. इंग्रजीत अजून काही ठरलेलं नव्हतं, विचारणा होती. मराठीत निकाल लागून गेला होता. निकाल लागलेल्या माणसाला खुलासा लिहावासा वाटेल का?

आता तारीख. नोटीस पोस्टाने त्याला 23 जूनला मिळाली. 'मिळाल्यापासून सात दिवस' म्हणजे 30 जूनपर्यंत वेळ. त्याने मराठी करून घेतलं 27 तारखेला. मराठीप्रमाणे, नोटिशीच्या तारखेपासून मोजलं तर मुदत 26 लाच संपलेली. हातात तीन दिवस असताना हा माणूस "आता काय उपयोग" म्हणून घरी बसला. पुढच्या पत्रात कंपनीने लिहिलं, मुदतीत खुलासा आला नाही. खोटं नव्हतंच ते.

'दोन्ही दिवस धरून' हे शब्द टायपिंगवाल्याला फालतू वाटले असणार, गाळलेच. ते का असतात? आदर्श स्थायी आदेशांत रजेशिवाय दहा दिवसांहून अधिक गैरहजेरी हे गैरवर्तन धरलेलं आहे. 5 ते 15 दोन्ही टोकं धरून अकरा दिवस होतात. एक टोक सोडलं तर दहा, आणि दहा म्हणजे 'दहाहून अधिक' नव्हे. आख्खा आरोप त्या एका दिवसावर उभा आहे. शेवटच्या दिवशी आपण खरंच गैरहजर होतो का, साप्ताहिक सुट्टी कशी मोजली, हे त्याला विचारता आलं असतं. पण एक दिवस महत्त्वाचा आहे हे मराठी कागद त्याला सांगतच नव्हता.

दुसरा कागद 10 जुलैचा. इथे उलट झालं, नोटीस तिखट केली होती आणि पत्र गोड. मराठीत लिहिलं होतं, "आपणास 10 जुलैपासून कार्यमुक्त करण्यात येत आहे." आपल्याकडे तलाठी बदलून जातो तेव्हा कार्यमुक्त होतो. मूळ इंग्रजीचा अर्थ असा : तुम्ही 5 जूनपासून स्वतःहून सेवा सोडून दिली असे मानण्यात येत असून त्या तारखेपासून तुमची सेवा समाप्त झाली आहे.

नोटिशीत आरोप होता गैरहजेरीचा. पत्रात कारण आलं सेवा सोडून दिल्याचं. ही दोन वेगळी कारणं आहेत. पहिल्यात कंपनी म्हणते तू चुकलास, मग चौकशी करावी लागते. दुसऱ्यात म्हणते तूच गेलास, आम्ही काढलंच नाही. वकील ज्यावर बोट ठेवतात ती जागा हीच. 1993 चा डी. के. यादव यांचा सुप्रीम कोर्टाचा निकाल याच मुद्द्यावरचा आहे. आठ दिवसांहून जास्त गैरहजर म्हणून स्थायी आदेशाचा आधार घेऊन त्यांचं नाव आपोआप कमी केलं होतं. कोर्टाने सांगितलं की म्हणणं ऐकून घेतल्याशिवाय असं करता येणार नाही, आणि निम्म्या मागील पगारासह परत घ्यायला लावलं. आमच्या माणसाच्या मराठी पत्रात मात्र हे बदललेलं कारण दिसतच नव्हतं. 'मानण्यात येत आहे' हेही गेलं होतं. हा गडी 16 जूनला गेटवर हजर झाला होता, वॉचमनने परत पाठवलं. सोडून गेलेला माणसू अकराव्या दिवसानंतर गेटवर कशाला येईल? हा प्रश्न 'मानण्यात येत आहे' या शब्दांतूनच सुचतो.

आणि 5 जून की 10 जुलै? तो कामाला लागला 12 जून 2018 ला. ग्रॅच्युइटीला सलग पाच वर्षं लागतात. 10 जुलै धरली तर पाच वर्षं भरतात, 5 जून धरली तर आठवडाभर कमी पडतो. शेवटच्या वर्षातल्या 240 दिवसांच्या मुद्द्यावर वकील भांडू शकतात. पण तारीख मागे नेली आहे हे आधी कळायला तर हवं.

टायपिंगवाल्याला मी शिव्या देणार नाही. मीही पूर्वी एकाच्या पत्रातल्या 'सवयीच्या गैरहजेरी'ला 'सराईत गैरहजेरी' करून दिलं होतं, मथळे लिहून लिहून हात तसाच वळतो. सरकारी नोकरीत तर 'सेवेतून काढून टाकणे' आणि 'बडतर्फ' यांत पुढे सरकारी नोकरी मिळण्या-न मिळण्याचा फरक आहे. आम्ही पत्रकार दोन्हीला सरसकट 'बडतर्फ' लिहितो, अक्षरं कमी लागतात म्हणून.

त्या दिवशी आम्ही दोन्ही कागद नव्याने मराठीत केले. मूळ वाक्यांना आकडे घातले, मराठी वाक्यांना तेच आकडे. नोटिशीतला शब्द पत्रात पुन्हा आला तर मराठीतही तोच, वेगळा आला तर मराठीतही वेगळा, भले कानाला खटको. महिना अक्षरात लिहिला. पत्रावरची, हातात पडल्याची, अंमलाची अशा तिन्ही तारखा वेगळ्या ठेवल्या, आणि पोस्टाचं पाकीट पिशवीतच सांभाळायला सांगितलं, शिक्का त्याच्यावरच असतो. 'कंपनीने अन्यायाने' असा शब्द घाला म्हणून तो मागे लागला होता. नाही घातला. तो त्याच्या अर्जात लिहायचा.

माझं म्हणणं कंपन्यांना आहे. 1946 च्या स्थायी आदेश कायद्यात नियम गेटजवळ इंग्रजीबरोबर बहुसंख्य कामगारांना कळणाऱ्या भाषेत लावायचे होते. नियम कळायला मराठी चालत होती, तर त्याच नियमाखाली घरी पाठवताना सही-शिक्क्याची मराठी प्रत द्यायला काय हरकत आहे? मग चुकीच्या शब्दाची जबाबदारी कंपनीची राहील, शंभर रुपयेवाल्याची नाही. एका एचआरवाल्या साहेबांना हे विचारलं तर म्हणाले, "मराठीत दिलं की शब्दाला शब्द लागतो हो."

तुमच्याकडे अशी मराठी प्रत मिळते का? कमेंटमध्ये सांगा, कंपनीचं नाव नको. आणि कुणाकडे नोटीस आली असेल तर मला फोटो पाठवण्याआधी पाकिटावर मिळाल्याची तारीख लिहून ठेवा.