एकच उत्तर, तेही हसून



आपल्यातल्या बऱ्याच जणी आता फेसबुकवर पाककृती टाकतात. कांदा-लसणाशिवायची भाजी दिसली की कुणीतरी अनोळखी माणूस लिहितोच, "हे काय आजाऱ्याचं जेवण? काकू, आधी स्वयंपाक शिका." माझं मत असं, की अशाला उत्तर द्यायचंच असेल तर एकदाच द्यावं आणि हसून द्यावं.

"तुमच्या आईने हेच वळण लावलं का?" असं लिहिलं की त्याला हवा असलेला राग मिळाला, आणि बिचारी आई उगाच मध्ये आली. आपण कांदा-लसूण का खात नाही यावर पंधरा ओळी लिहिणंही फुकट. मनापासून विचारणाऱ्याला जरूर सांगावं, पण हा विचारायला आलेलाच नाही.

त्यापेक्षा असं लिहावं: "आमच्याकडे आजारी माणसाने ही भाजी दुसऱ्यांदा मागितली की तो बरा झाला असं समजतात. या जेवायला!" यात त्याचा शब्द उचलला, पण गंमत आपल्या भाजीवर केली. प्रश्न विचारला नाही, म्हणून पुढे उत्तर मागितलं जात नाही. आणि वाचणाऱ्या बाकीच्या बायका हसतात. उत्तर खरं तर त्यांच्यासाठीच असतं.

विनोद आणि टोमणा यांतला फरक ओळखणं सोपं आहे. त्याचं दिसणं, गाव, जात, शुद्धलेखन यांवर बोट ठेवलं की तो टोमणा झाला. भाषा समिती पाळायची ती इथेच.

तो पुन्हा लिहील, "जास्त शहाणपणा नको." आता गप्प बसायचं. फेसबुकला प्रेम आणि भांडण यांतला फरक फारसा कळत नाही. जिथे बोलणं वाढतं ती पोस्ट ते आणखी लोकांपुढे नेतं. म्हणजे आपलं दुसरं उत्तर ही त्याची फुकट जाहिरात. आपली बाजू घेऊन भांडायला निघालेल्या नणंदेला किंवा भाचीलाही फोन करून थांबवावं.

फारच खुपलं तर "Hide comment" दाबावं. मग ते लिखाण त्याला आणि त्याच्या मित्रांना दिसत राहतं, इतरांना दिसत नाही. पुसून टाकलं की तो चिडून पुन्हा लिहितो; लपवलं तर बहुधा त्याला पत्ताच लागत नाही.

मात्र धमकी, अश्लील बोलणं, घराचा पत्ता उघड करणं किंवा फोटोशी छेडछाड असेल, तर तिथे विनोद नको. काही पुसण्याआधी तारीख आणि खात्याचं नाव दिसेल असा स्क्रीनशॉट घ्यावा, घरात सांगावं आणि cybercrime.gov.in वर तक्रार करावी. हसून सोडायचं ते उद्धटपणाला, गुन्ह्याला नाही.