अक्षरओळख : तक्त्यावरची इस्लाह

या महिन्यात आलेल्या सरावाच्या कागदांपैकी एकच आम्ही निवडला आहे. कागद एका वाचक भगिनीचा आहे. सोबतच्या चिठ्ठीत त्या लिहितात, "लहानपणी अब्बांकडून उर्दू खुशखती शिकले, हात बरा होता. आता मुलांसाठी बालबोध अक्षर गिरवते, पण ओळ नीट दिसत नाही. काय चुकते ते कळत नाही." उर्दूवर हात बसलेल्या आणि आता देवनागरीकडे वळलेल्या बऱ्याच घरांतून हीच तक्रार येते, म्हणून हा तक्ता सर्वांसमोर तपासत आहोत. नाव त्यांच्या इच्छेनुसार देत नाही.

कागद आडवा ए-फोर आहे. निब साडेतीन मिलिमीटर रुंदीची, सरळ कापलेली. अक्षराची उंची सहा निबा, म्हणजे शिरोरेषेपासून तळापर्यंत 21 मिलिमीटर. हे माप त्यांनी पेन्सिलीच्या दोन रेषा आखून नीट पाळले आहे. ओळ आम्ही दिलेलीच आहे : 'आज शहर शांत आहे'. शब्द चार, आणि उभे काने एकूण नऊ. तपासायला एवढे पुरे.

प्रथम कलमाचा कोन पाहू. कोन हातात दिसत नाही, कागदावर दिसतो. निबेची रुंदी कायम असते, पण रेघ किती जाड उमटेल हे निबेची कड त्या रेघेशी किती तिरकी धरली आहे यावर ठरते. देवनागरीत ही कड डावीकडे वर आणि उजवीकडे खाली अशी तिरकी धरतात. त्यामुळे वरून उजवीकडून खाली डावीकडे येणारी ओढ सर्वांत जाड उमटते आणि तिच्या उलट दिशेची ओढ केसासारखी बारीक होते. कड आडव्या रेषेशी बरोबर 45 अंशांत असेल तर शिरोरेषा आणि काना दोन्ही सारख्याच जाडीचे येतात. साडेतीन मिलिमीटरच्या निबेने ती जाडी सुमारे अडीच मिलिमीटर भरते. आमची पहिली कसोटी हीच असते. बारीक खुणांची पट्टी घ्यावी, पहिल्या शब्दातली शिरोरेषा मोजावी, तिच्याखालचा काना मोजावा आणि दोन्ही आकडे शेजारी लिहावेत.

या तक्त्यात 'आज'ची शिरोरेषा 3 मिलिमीटर भरते आणि काना 1.8. शिरोरेषा जाड, काना बारीक, म्हणजे कड 45 अंशांवर नसून 60 च्या जवळ, जास्त उभी धरली गेली आहे. कान्याच्या टोकाकडे पाहिले तरी हेच दिसते. काना जिथे सुरू होतो आणि संपतो तिथे निबेची कड जशीच्या तशी उमटलेली असते. त्या तिरक्या कापावर कोनमापक ठेवला की कोन थेट वाचता येतो. दोन्ही कसोट्या एकच सांगत असतील तर निदान पक्के समजावे.

आता हे झाले कसे? उत्तर चिठ्ठीतच आहे. नस्तालीकमध्ये अलिफ बारीक असतो आणि 'बे'ची आडवी ओढ भरदार असते. तिथे तेच सौंदर्य आहे, आणि लहानपणापासून हाताला तेच वळण लागलेले आहे. ते वळण बालबोध अक्षरात आले की शिरोरेषा छपरासारखी जड होते आणि खालचे काने तिचे ओझे पेलत नाहीत असे वाटते. ओळ 'नीट दिसत नाही' याचे मोठे कारण हे. हात वाईट नाही, तो दुसऱ्या लिपीचा कोन धरून आहे.

उपाय असा. कागदाच्या डाव्या समासात 45 अंशांच्या गुण्याने पेन्सिलीची एक छोटी तिरकी रेघ मारा, डावे टोक वर आणि उजवे खाली. प्रत्येक शब्दाआधी निबेची पूर्ण कड त्या रेघेवर टेकवा आणि बोटे तशीच ठेवून लिहायला या. त्याआधी कोऱ्या कागदावर अधिकाचे चिन्ह काढून पाहा. आडवी आणि उभी रेघ सारखी जाड आली तर कोन बसला. आडवी जाड आली तर कलम बोटांत किंचित डावीकडे, घड्याळाच्या काट्याच्या उलट फिरवा. कोन दुरुस्त करण्यासाठी कागद फिरवू नका. कागद फिरवला की कोन सुधारतो खरा, पण काने कलू लागतात आणि एक चूक मिटवताना दुसरी येते. बोरूने लिहिणाऱ्यांना एक सोय असते. बोरूचे टोकच तिरके कापता येते, त्यामुळे मनगटाला फार वळावे लागत नाही. उर्दूसाठी कापलेला कलम मात्र तसाच वापरू नये. त्याचा कत वेगळा, देवनागरीचा वेगळा.

दुसरा मुद्दा कलण्याचा. या तक्त्यातला पहिला काना उभ्या रेषेशी जवळपास सरळ आहे. शेवटच्या 'आ'चे दोन्ही काने मात्र उजवीकडे झुकले आहेत. गुण्या तळरेषेवर उभा करून पाहिले तर कान्याचा वरचा शेंडा तळापेक्षा 3 मिलिमीटर उजवीकडे आहे. 21 मिलिमीटर उंचीवर 3 मिलिमीटर म्हणजे सुमारे 8 अंश. सर्व नऊ काने याच प्रमाणात कलले असते तर आम्ही त्याला दोष म्हटले नसते, ती एक शैली झाली असती. दोष कलण्यात नाही, ओळीच्या मध्ये कल बदलण्यात आहे. हे तपासायला पट्टी लावून प्रत्येक काना पेन्सिलीने खाली लांबवावा. रेघा एकमेकींना समांतर राहिल्या तर ठीक. या तक्त्यावर त्या खाली जाता जाता एकमेकींजवळ येतात.

इथे एक बारकावा पाहण्यासारखा आहे. शेवटच्या शब्दातले काने कलले असले तरी त्यांची जाडी 1.8 मिलिमीटरच राहिली आहे. शिरोरेषा मात्र 3 वरून 3.2 वर गेली आहे. यावरून कारण कळते. बोटांत नुसते कलम फिरले असते तर काने सरळ राहून आणखी बारीक झाले असते. इथे काना आणि कड दोन्ही एकत्र फिरले, म्हणून त्यांच्यातला कोन बदलला नाही आणि जाडीही बदलली नाही. शिरोरेषा आखलेल्या रेषेवरच राहिल्यामुळे फरक तिच्यात दिसला. याचा अर्थ संपूर्ण हात फिरला आहे. कोपर टेबलावर एका जागी रोवून ओळीच्या शेवटापर्यंत पोहोचायचे म्हटले की हात कोपराभोवती पंख्यासारखा वळतो आणि त्याच्याबरोबर काना उजवीकडे झुकतो.

तेव्हा उपायही बोटांचा नाही, कोपराचा आहे. एक शब्द झाला की कागद डावीकडे सरकवा, म्हणजे लिहिण्याची जागा कायम छातीसमोर एकाच ठिकाणी राहील. सरकवताना कागद तिरपा होऊ नये म्हणून त्याची खालची कड टेबलाच्या कडेशी जुळवून ठेवा. पहिले काही दिवस तळरेषेवर दर 20 मिलिमीटरवर पेन्सिलीची फिकट उभी रेघ आखून घ्या. काना नेमका त्या रेघेवर पडायला हवा असे नाही. शेजारी रेघ असली की डोळ्याला कल लगेच कळतो.

तिसरा मुद्दा दोन शब्दांमधल्या जागेचा. उर्दूत शब्द दाटीने बसतात. शब्दाच्या पोटातही न जुळणाऱ्या अक्षरांनंतर फट पडते, आणि वाचणारा आकारावरून शब्द ओळखतो. देवनागरीत शब्द शिरोरेषेने बांधलेला असतो आणि ती तुटली की शब्द संपला असे डोळा धरतो. म्हणून इथे जागा दोन अक्षरांमध्ये मोजण्याआधी दोन शिरोरेषांमध्ये मोजावी. सरावासाठी आम्ही निबेच्या तीन रुंदी, म्हणजे साडेदहा मिलिमीटर हे माप धरतो. शब्दातल्या सर्वांत मोठ्या पांढऱ्या जागेपेक्षा ते जास्त हवे, नाहीतर शब्द आतून फुटलेला आणि बाहेरून चिकटलेला दिसतो.

तक्त्यात 'आज' आणि 'शहर' यांत 11 मिलिमीटर आहेत, 'शहर' आणि 'शांत' यांतही 11, आणि 'शांत' व 'आहे' यांत फक्त 5. 'आहे'च्या 'आ'मधल्या दोन कान्यांतली जागाच 8 मिलिमीटर आहे, म्हणून शेवटचे दोन शब्द एकमेकांना चिकटल्यासारखे वाटतात. पण अक्षरे जवळ आलेली नाहीत. 'त'च्या कान्यापासून 'आहे'च्या शिरोरेषेपर्यंत अंतर 11 च आहे. 'शांत'ची शिरोरेषा कान्यापुढे 6 मिलिमीटर धावली आहे, बाकी काही नाही. शिरोरेषा ओढण्याआधी तिच्या शेवटी पेन्सिलीचा ठिपका द्यावा आणि तिथे कलम उचलावे, म्हणजे हे होणार नाही.

पहिल्या दोन फटी पट्टीवर सारख्या आहेत, तरी 'शहर'नंतरची डोळ्याला मोठी वाटते. 'ज' कान्याने संपतो, म्हणजे त्याच्यापुढे भिंत आहे. 'र'ला भिंत नाही. त्याच्या शेजारी शिरोरेषेखाली मोकळी जागा उरते आणि ती पुढच्या फटीत मिसळते. म्हणून 'र', 'ट', 'द', 'ह' यांनी संपणाऱ्या शब्दानंतर पट्टीचे माप थोडे कमी करावे, इथे 11 ऐवजी 8 ते 9. कागद हातभर दूर धरून डोळे किंचित मिटून पाहावे. तिन्ही फटी सारख्या भरदार दिसल्या की पट्टी बाजूला ठेवायला हरकत नाही.

दुरुस्तीचा क्रम मात्र हाच ठेवा. कोन बदलला की काना जाड होतो, आणि काना जाड झाला की अक्षरातली पांढरी जागा कमी होते. आधी फटी जुळवल्या तर त्या पुन्हा मोजाव्या लागतील. या भगिनींनी पहिला आठवडा फक्त अधिकाचे चिन्ह आणि 'आज' एवढेच लिहावे. शिरोरेषा आणि काना सारखे जाड येऊ लागले की कागद सरकवत पूर्ण ओळ लिहावी. फटी शेवटी.

पुढच्या महिन्यासाठी कागद पाठवणाऱ्यांना दोन विनंत्या. निबेची रुंदी मागच्या बाजूला लिहा, तिच्याशिवाय जाडीवरून कोन काढता येत नाही. आणि मोबाईलवर छायाचित्र काढून पाठवणार असाल तर कागद सपाट ठेवून बरोबर वरून काढा, शेजारी पट्टी ठेवा. तिरक्या फोटोत सरळ काने कललेले दिसतात, आणि मग आम्ही हाताची चूक शोधत बसतो जी मुळात कॅमेऱ्याची असते.